आकृती नसलेली निमुळती नळी: आडवी मानावी की h तसाच ठेवावा?

निमुळत्या नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा दाब काढायच्या गणितात 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असं लिहिलेलं असतं आणि आकृतीच नसते. मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे नळी आडवी समजून आकडे घालून मोकळं व्हायचं. दुसरी म्हणजे नळीच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक h म्हणून शेवटपर्यंत वागवायचा. मी बरीच वर्षं पहिल्या वाटेनं गेलो.

समजा, नळीच्या रुंद टोकाला A पाशी व्यास १० सेंमी, पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर आणि दाब १,५०,००० पास्कल आहे. अरुंद टोकाला B पाशी व्यास ५ सेंमी. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून B पाशी वेग ८. इथपर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत, कारण भरून वाहणाऱ्या नळीत वेग रुंदीवरून ठरतो, चढ-उताराचा त्यात काही हात नसतो. वेगापायी दाब ३०,००० पास्कलनं घटतो. आडवी नळी मानली तर B चा दाब १,२०,००० आणि विषय संपला.

पुस्तकात मागे दिलेलं उत्तर मात्र १,००,४०० होतं. माझी खरी चिडचिड इथेच झाली. उत्तर चुकलं याची नाही, कुठे चुकलं ते कळेना याची. वर्ग करताना घसरलो, की व्यास आणि त्रिज्येत घोळ घातला? सगळं पान पुन्हा तपासलं, चूक सापडली नाही. नव्हतीच.

h ठेवला असता तर B च्या दाबाची, म्हणजे P₂ ची, शेवटची ओळ अशी आली असती:

P₂ = 1,20,000 − 9,800 h

यात १,००,४०० घातलं की h बरोबर २ मीटर येतो. म्हणजे B वर आहे, आणि हरवलेली आकृती निम्मी तरी हाती लागली.

रुंदीचाही भरवसा नसेल तर जरा जपून. प्रश्नात व्यासाऐवजी 'B पाशी नळी अर्धी' एवढंच लिहिलेलं असेल, आणि ते 'अर्धी' व्यासाबद्दल नसून क्षेत्रफळाबद्दल असेल तर B चा वेग ४ होतो आणि वेगापायी होणारी घट फक्त ६,००० उरते. त्याच उत्तरासाठी मग h साधारण ४.४५ मीटर लागतो. असा वेडावाकडा आकडा सहसा कोणी मुद्दाम देत नाही, म्हणून मी व्यासाच्या बाजूनं कौल देईन. पण हा अंदाज झाला, सिद्धता नव्हे: एका उत्तरातून दोन अज्ञातं पक्की होत नाहीत.

प्रश्नात 'आडवी' हा शब्द असेल किंवा फक्त वेगच विचारला असेल, तर h चं लोढणं कशाला? तिथे पहिली वाट झटपट आहे. बाकी ठिकाणी मी आता h खोडत नाही, आणि उत्तराखाली 'B वर असल्यास h धन' एवढं लिहून ठेवतो.