आप्पांच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, त्या आमच्या अक्का

मृगाच्या सुमारास आप्पांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. ते घरी आल्यावर दिवसभराच्या देखभालीसाठी खानापूर तालुक्यातल्या एक बाई ठेवल्या. त्यांच्या घरात कन्नड, आमच्याशी मात्र मराठी. आम्ही त्यांना अक्काच म्हणतो. दिवाळी होऊन गेली, आप्पा अजून अंथरुणावरच आहेत, पण त्यांना बेडसोर झालेला नाही. हे श्रेय अक्कांचं आहे.

पहिल्याच दिवशी पाठ पुसताना त्या माकडहाडापाशी थांबल्या. आप्पा सावळे, त्यामुळे आम्हाला तिथं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी हाताची पालथी बाजू लावून पाहिली आणि माझाही हात तिथं ठेवला. आजूबाजूपेक्षा तेवढीच जागा गरम आणि जरा कडक लागत होती. गोऱ्या कातडीवर लाली दिसते, बोटानं दाबल्यावर ती पांढरी होत नसेल तर जखमेची सुरुवात समजायची. सावळ्या कातडीवर हातानंच ओळखावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मी तेल चोळायला निघाले होते, तर "चोळू नका वहिनी, आतलं मांस आणखी दुखावतं," म्हणून अडवलं.

मग आप्पांना उताणं झोपवणं बंद झालं. दर दोन तासांनी डावी कूस, उजवी कूस, तीही पूर्ण नाही. पाठीमागं उशी लावून थोडंसंच कलतं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. वर सरकवताना कधी ओढलं नाही. खाली आडवी घातलेली चादर दोघींनी धरून उचलायचं, कारण ओढल्यानं कातडी आतून फाटते. काही दिवसांत ती जागा बाकीच्या पाठीसारखी झाली.

आम्ही हवेची गादी घेतली होती. आईनं प्रेमानं तिच्यावर वाकळ घातली. अक्कांनी ती काढायला लावली, जाड थरामुळं गादीचा उपयोग राहत नाही म्हणून. गादी असली तरी कूस बदलणं चुकत नाही, हेही तेव्हाच कळलं. बेळगावच्या पावसात कपडे वाळत नाहीत, तरी ओलसर चादर त्यांनी कधी अंथरली नाही. डायपर ओला झाला की लगेच बदलायच्या.

इंजेक्शन किंवा जखमेचं ड्रेसिंग हे त्यांचं काम नाही, त्याला नर्सच लागते, आणि हे त्यांनी स्वतःच आधी सांगितलं. मला त्यांचा हा स्पष्टपणा फार मोलाचा वाटतो. रात्री त्या नसतात. तेव्हा त्यांनी भिंतीवर लावलेल्या कागदावर वेळ आणि कूस लिहीत मी आणि माझे यजमान आळीपाळीनं उठतो. सकाळी आल्या की आधी तो कागद बघतात, मग आप्पांची पाठ, आणि चहा त्यानंतर.

अक्का, आप्पांना नीट बोलता येत नाही, पण तुम्ही आलात की ते डावा हात वर करतात. त्यांच्या वतीनं आणि आम्हा सगळ्यांच्या वतीनं तुमचे मनापासून आभार.