पानशेतची राइड: जेल घ्यावं, साखरपाणी न्यावं की केळी-खजूर?

रविवारी पहाटे साडेपाचला स्वारगेटहून सायकलवर निघायचं, खडकवासल्यावरून पानशेत गाठायचं आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर, माझ्यासारख्याला साडेतीन तास. ग्रुपमध्ये नवीन आलेला माणूस आदल्या रात्री हमखास विचारतो, "बरोबर खायला काय घेऊ?" उत्तरं तीन मिळतात. एक म्हणतो पाकिटातलं गोड एनर्जी जेल, दुसरा म्हणतो केळी आणि खजूर, तिसरा म्हणतो घरचं लिंबू-साखर-मीठ पाणी. मी तिन्ही बरीच वर्षं वापरून पाहिली आहेत.

निवडण्याआधी एक आकडा डोक्यात पक्का करा. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकांचा साठा असतो. जोर लावून सायकल मारली तर तो दीड-दोन तासांत तळाला लागतो. म्हणून दोन तासांपुढच्या राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि तीही पहिल्या अर्ध्या तासापासूनच. भूक लागायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, कारण खाल्लेलं रक्तात उतरायला वेळ लागतो. तोवर पाय रिकामे पडतात, हात थरथरतात आणि माणूस उगाच चिडचिड करायला लागतो. आमच्यात याला 'बाँक' म्हणतात. शेजारचा गडी गप्प झाला आणि साध्या चढावर मागे पडायला लागला, तर त्याला आधी काही गोड खायला द्या, काय झालं ते नंतर विचारा.

नाश्ता करून, गप्पा मारत दोनच तास सायकल चालवणार असाल तर मात्र साधं पाणी पुरतं. खालचा सगळा हिशोब जोराच्या किंवा लांबच्या राइडचा आहे. मधुमेह असेल, तर हे आकडे तसेच न उचलता आधी डॉक्टरांशी बोला.

जेल

एका पाकिटात साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं. खिशात जागा लागत नाही, चावावं लागत नाही, घाटात धाप लागलेली असतानाही घशाखाली उतरतं. फायदे खरे आहेत. पण तासाला ५० ग्रॅम धरले तर साडेतीन तासांच्या राइडला सात-आठ पाकिटं लागतात, आणि तेवढ्या पैशांत महिन्याची साखर येते.

दुसरी अडचण पाण्याची. बहुतेक जेल म्हणजे घट्ट पाक. त्यावर दीडशे-दोनशे मिलिलिटर साधं पाणी प्यायलं नाही, तर ते पोटात तसंच पडून राहतं आणि आतडं उलट शरीरातलंच पाणी त्यात ओढून घेतं. एकदा खानापूरच्या पुढे बाटल्या संपत आल्या म्हणून मी लागोपाठ दोन जेल कोरडीच गिळली. पुढचे दहा किलोमीटर पोटात कळ आणि तोंडाला पाणी सुटलेलं. पानशेतला पोचल्यावर चहाच्या टपरीमागे जे व्हायचं ते झालं. दोष जेलचा नव्हता, पाणी न पिणाऱ्याचा होता.

केळी, खजूर, चिक्की

एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका जेलइतकीच. वेलची केळ्यात १० ग्रॅमच्या आसपास. साध्या छोट्या खजुरात पाच-सहा ग्रॅम. पहिल्या तास-दीड तासात, वेग बेताचा असताना, याच्याइतकं चांगलं काही नाही. पोटाला काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं आणि सारखं गोड पाणी पिऊन येणारा कंटाळा टळतो. खजुराच्या बिया घरीच काढा. चालत्या सायकलवर एका हाताने बी काढणं हा धंदा मी एकदाच केला. केळं जर्सीच्या मागच्या खिशात दोन तासांत काळं पडून चेपतं, म्हणून ते आधी संपवा आणि खजूर नंतरसाठी ठेवा.

चिक्कीबद्दल लोक माझ्याशी भांडतात. शेंगदाणा आणि गूळ, दिसायला झकास इंधन. पण शेंगदाण्याच्या चिक्कीत स्निग्धांश भरपूर असतो, आणि स्निग्धांश पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो. सावकाश, सपाटीवरच्या लांब राइडला चालेल. चढावर नाही. शिवाय धाप लागलेली असताना दाण्याचा तुकडा घशात अडकला की समोरची खिंड विसरायला होते. राजगिऱ्याचा लाडू पचायला त्याहून बरा, पण इतका कोरडा की प्रत्येक घासाला घोटभर पाणी लागतं. आणि वाटेतला वडापाव परतीच्या वाटेवरच, घर जवळ आल्यावर.

घरची बाटली

माझं मत इथेच झुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ७५० मिलिच्या बाटलीत ४५ ग्रॅम साखर, १ ग्रॅम मीठ आणि अर्धं लिंबू. ४५ ग्रॅम म्हणजे चहाचे सपाट अकरा चमचे. पहिल्यांदा मी ओट्यावर मोजून टाकत होतो तेव्हा आई म्हणाली, "अरे, पाक करतोयस का?" पण पाण्याच्या मानाने हे प्रमाण सहा टक्केच भरतं, आणि सहा ते आठ टक्क्यांपर्यंतचं गोड पाणी पोटातून बऱ्यापैकी सहज पुढे सरकतं. त्याहून दाट केलं की पोटात डुचमळतं.

साखर स्वस्त आहे म्हणून हलकी समजू नका. साखरेचा प्रत्येक कण अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. आतड्यात या दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. ग्लुकोजची वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला भरून जाते, पण फ्रुक्टोज शेजारच्या वाटेने जातं. महागड्या पावडरींमध्ये ही जोडी मुद्दाम घातलेली असते, साखरेत ती आयतीच आहे. नुसत्या ग्लुकोज पावडरीत ती नसते.

मिठाचं गणितही सोपं आहे. एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे आपल्या बाटलीत लिटरमागे ५०० च्या थोडं वर. ज्यांच्या काळ्या जर्सीवर वाळल्यावर पांढरे नकाशे उमटतात, त्यांनी दीड ग्रॅम घ्यायला हरकत नाही.

लोक इथे एक चूक फार करतात. मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणतात आणि इंधन भरलं असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं फक्त १३.५ ग्रॅम. ते जुलाबात पाणी आणि क्षार भरून काढायला बनवलेलं आहे, चढ चढायला नाही. शहाळ्याचंही तसंच. एका शहाळ्यातून दहा-पंधरा ग्रॅम साखर मिळते, पोटॅशियम भरपूर, पण घामातून जे सर्वांत जास्त जातं ते सोडियम कमीच. थांबून प्या, मजा येते. हिशोबात मात्र धरू नका.

तासाला ९० ग्रॅमपर्यंत जाणारेही आहेत, पण तो पाच-सहा तासांच्या शर्यतीचा मामला. तेवढी नुसती साखर घेतली तर फ्रुक्टोज जास्त होऊन पोट बिघडू शकतं. त्यासाठी माल्टोडेक्स्ट्रिनची पावडर मिळते. ती ग्लुकोजचीच साखळी असते आणि गोडी फार कमी. ६० ग्रॅम साखरेत ३० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन घातलं की ग्लुकोज ६० आणि फ्रुक्टोज ३० असं पोटाला झेपणारं प्रमाण येतं. तेही एकदम नाही. आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवत न्यायचं, कारण आतड्यालाही सराव लागतो.

पानशेतचा प्रत्यक्ष हिशोब

साडेतीन तासांतला शेवटचा अर्धा तास सोडून द्या, तेव्हा खाल्लेलं घरी पोचल्यावरच उपयोगी पडणार. उरले तीन तास, ५० ग्रॅमने १५० ग्रॅम. दोन बाटल्यांतून ९०. पहिल्या तासात तीन वेलची केळी, साधारण ३०. पानशेतला वळायच्या आधी चार-पाच खजूर, २५ च्या आसपास. झाले १४५. वर एक जेल खिशात, फक्त परतीच्या चढावर पाय सुटले तर. दहापैकी आठ वेळा ते तसंच घरी येतं.

पाण्याचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. निघताना आणि आल्यावर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. माझा एक मे महिन्यातला हिशोब असा: निघताना ६८.४ किलो, अडीच तासांनी ६७.२. वाटेत प्यायलो दीड लिटर, लघवीला थांबलो नाही. म्हणजे घाम १.२ अधिक १.५, एकूण २.७ लिटर, तासाला लिटरच्या थोडं वर. तेवढं सगळं परत प्यायची गरज नाही, किलो-दीड किलो उतरलं तरी चालतं. पण वजन वाढून आलं तर ती धोक्याची खूण आहे. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं दिसतात. त्यावर आणखी पाणी पाजणं सर्वांत वाईट. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा.

पानशेतला बाटल्या रिकाम्या होतात. तिथे एकीत साधं पाणी भरून घेतो. उन्हाळ्यात ४५ ग्रॅम साखर आणि मिठाची एक पुडी घरूनच बांधून नेतो, खजुराऐवजी ती उघडतो.

पोहणाऱ्यांसाठी

पाण्यात चावण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे निवड आपोआप बाटलीकडे जाते. तलावात बाटली कडेला ठेवता येते. समुद्रात होडीवरचा माणूस दोरी बांधलेली बाटली फेकतो. इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांना तर होडीला हात लावायलाही परवानगी नसते. दर अर्ध्या तासाला दोन-अडीचशे मिलि, आणि वीस-तीस सेकंदांत पुन्हा हात मारायला सुरुवात. पाण्यात घाम जाणवत नाही, पण जातो, म्हणून तहानेवर विसंबू नका. खाऱ्या पाण्याने जीभ सोलवटलेली असताना साखरेचं पाणी नकोसं होतं. तिथे फिकं माल्टोडेक्स्ट्रिन जिंकतं, गार पाणी असेल तर कोमट करून. त्या मिश्रणात मीठ घालायचं की नाही यावर वाद होतात. माझा अनुभव असा की तोंडात आधीच इतका खारटपणा असतो की मिठाचा घोट उलटून येतो.

आणि एक घरगुती गोष्ट. साखरेची बाटली आल्या आल्या गरम पाण्याने धुवा, तोटी उपसून आतून ब्रश फिरवा. मी एकदा सोमवारी विसरलो आणि पुढच्या शनिवारी रात्री तोटीच्या आत काळी बुरशी सापडली. नवी बाटली त्याच रात्री शोधत फिरलो.