निबंधाची गुणतालिका: मोजून की पारखून?

इंदूरमध्ये मराठी निबंध तपासणाऱ्या एका बाईंना गुणतालिकेतली ‘उत्तम, चांगले, बरे’ ही विशेषणं काढायची आहेत. पण त्या जागी उदाहरणांची संख्या लिहावी, की उदाहरण काय काम करतं ते?

‘मुद्द्याला आधार’ हा निकष घेऊ. विषय, इंदूरच्या सराफा बाजारात वाहनबंदी हवी का.

संख्येने तपासणं झटपट होतं आणि दोन परीक्षकांचे गुणही जुळतात. पण ‘गर्दी असते, धूर होतो, त्रास होतो’ लिहिणाऱ्यालाही तीन उदाहरणांचे पूर्ण गुण मिळतात. मुलं हे फार लवकर ओळखतात!

उदाहरणाच्या कामाचं वर्णन असं:

४ – प्रसंग नेमका, तो मुद्दा कसा पटवतो हेही लिहिलेलं.
३ – प्रसंग नेमका, जोडणारं वाक्य नाही.
२ – विधान मोघम.
१ – मुद्दाच फिरवून सांगितलेला.

इथे वेळ जास्त लागतो. शिवाय एक उदाहरण ४चं, दुसरं २चं असेल तर परीक्षक अडतो; म्हणून ‘सर्वांत सबळ उदाहरण धरावं’ असा नियम तालिकेतच लिहावा. मग जुने पाच निबंध दोघांनी वेगवेगळे तपासावेत. गुण जिथे जुळणार नाहीत, तालिकेतली ती ओळ बदलावी.

शुद्धलेखन, शब्दमर्यादा यांना संख्या पुरते. स्पर्धेचे गठ्ठे एका दिवसात संपवायचे असतील तरीही तीच बरी. वर्षभर शिकवायच्या वर्गाला मात्र कामाचं वर्णनच बरं.