वीस चलं, ऐंशी तिमाह्या: मिनेसोटा की हॉर्सशू?

प्रश्न असा: वीस चलांच्या बेझियन व्हीएआरमध्ये, म्हणजे प्रत्येक चल सगळ्यांच्या मागच्या मूल्यांवरून मांडणाऱ्या मॉडेलमध्ये, गुणांकांसाठी कोणता प्रायर घ्यावा? आधी हिशेब मांडू. वीस चलं, चार लॅग आणि एक स्थिरांक धरला तर व्हीएआरच्या प्रत्येक समीकरणात ८१ गुणांक येतात. वीस वर्षांच्या तिमाही आकडेवारीतून पहिल्या चार तिमाह्या लॅगसाठी गेल्या की निरीक्षणं उरतात ७६. म्हणजे साध्या न्यूनतम वर्ग पद्धतीला इथे एकमेव उत्तरच नाही. गुणांकांना कुठेतरी ओढून धरावंच लागतं. प्रश्न एवढाच, की कुठे आणि किती.

मिनेसोटा प्रायर १९८०च्या दशकात लिटरमन, डोन आणि सिम्स यांच्या कामातून रुळला. त्याची समजूत साधी आहे: प्रत्येक चल रँडम वॉकसारखं वागतं, आणि जुने लॅग नव्यांपेक्षा कमी बोलतात. समीकरण i मध्ये चल j च्या l-व्या लॅगच्या गुणांकाचा प्रायर व्हेरियन्स असा:

```
λ² / l² × σ_i² / σ_j²
```

λ = ०.२ घेतला तर स्वतःच्या पहिल्या लॅगचा गुणांक १ भोवती ०.२ प्रमाण विचलनाने, म्हणजे साधारण ०.६ ते १.४ मध्ये फिरतो. चौथ्या लॅगला शून्याभोवती जेमतेम ०.०५ मिळतात. σ चं गुणोत्तर फक्त एककं जुळवायला असतं. इथे एक चूक वारंवार दिसते: चल वाढदराच्या रूपात घेतलं, तरी मध्य १ च ठेवला जातो. वाढदराला रँडम वॉक मानलं की अंदाज शेवटच्या तिमाहीला चिकटून बसतात. तिथे मध्य शून्य हवा.

हॉर्सशूमध्ये असा आराखडा नसतो. एक सामायिक आकडा सगळ्यांना शून्याकडे ओढतो आणि प्रत्येक गुणांकाला स्वतःचा, हाफ-कॉशी वितरणाचा, सुटकेचा मार्ग असतो. लहान गुणांक चिरडले जातात, मोठे जवळपास तसेच राहतात. कागदावर हे फार आकर्षक आहे. अडचण अशी, की कोण मोठा हे ठरवायला माहिती लागते, आणि आपल्याकडे ७६ ओळी आहेत.

तीन महिन्यांचा आणि एक वर्षाचा व्याजदर दोन्ही मॉडेलमध्ये होते, तेव्हा हे मी जवळून पाहिलं. दोघं जुळ्या भावांसारखे चालतात. उत्पादनाच्या समीकरणात हॉर्सशूने सगळा भार एकाच्या दुसऱ्या लॅगवर टाकला. शेवटच्या आठ तिमाह्या काढून पुन्हा चालवलं, तर भार दुसऱ्या भावावर! अंदाज फारसे हलले नव्हते, पण 'कोणता दर महत्त्वाचा' हे वाक्य अहवालात लिहिण्याजोगं उरलं नाही. मिनेसोटा अशा वेळी भार दोघांत वाटून टाकतो. ते कमी चमकदार आहे, पण निवडीचा आव तरी आणत नाही. जान्नोने, लेंझा आणि प्रिमिचेरी यांनी २०२१ मध्ये दाखवलेलंही याच धाटणीचं होतं: आर्थिक आकडेवारीत पोस्टीरियर बहुतेकदा मोजक्या चलांच्या एकाच मॉडेलवर स्थिरावत नाही.

गणनेतही तफावत आहे. कॉन्ज्युगेट मिनेसोटात सगळ्या समीकरणांना एकच ८१ × ८१ मॅट्रिक्स पुरतं आणि मार्जिनल लाइकलिहूड थेट सूत्राने मिळतं. त्यामुळे λ हाताने ठरवायची गरज नाही. तो आकडेवारीकडूनच काढा. चलं वाढवत नेली की λ लहान व्हायला हवा, हे बान्बुरा, जान्नोने आणि राइखलिन यांनी २०१० मध्ये मांडलं. या सोयीची किंमत आहे: कॉन्ज्युगेट रूपात स्वतःच्या लॅगना सैल आणि इतरांच्या लॅगना घट्ट धरता येत नाही. ते हवं असेल किंवा हॉर्सशू घ्यायचा असेल, तर गिब्स सॅम्पलर आला. सगळे १६२० गुणांक एकत्र काढण्यापेक्षा समीकरणागणिक काढा, नाहीतर प्रत्येक फेरीत १६२० × १६२० मॅट्रिक्स फोडत बसाल.

माझा कौल: अंदाज हवे असतील तर कॉन्ज्युगेट मिनेसोटा, λ मार्जिनल लाइकलिहूडवरून. λ शून्याला टेकला तर मॉडेल रँडम वॉकपलीकडे काही शिकलेलं नाही असं समजा. हॉर्सशू तेव्हाच, जेव्हा बहुतेक चलं खरंच निरुपयोगी असल्याचा बाहेरचा आधार आहे. तेव्हाही चलं प्रमाणित करून घ्या आणि वरचा l² चा भागाकार त्यातही ठेवा. लॅगची उतरंड फुकट मिळणारी माहिती आहे, ती का सोडायची?

नमुन्यात २०२० असेल तर निवड कोणतीही करा, आधी त्या दोन-तीन तिमाह्यांकडे पाहा. तिथले प्रचंड अवशेष σ फुगवतात आणि λ भरकटवतात. त्या तिमाह्यांचा धक्का मोठा होता असं मॉडेलला सांगायचं, म्हणजे त्या ओळींच्या दोन्ही बाजू एका मोठ्या आकड्याने भागायच्या. तो आकडाही λ बरोबरच अंदाजता येतो, आणि कॉन्ज्युगेट सूत्र तसंच टिकतं.