ऑनलाइन फोटो एडिटर, वर्षाचा प्लॅन आणि डिलीट करूनही उघडणारा फोटो

फीचर्स सांगत बसत नाही. बॅकग्राउंड उडवणं, जुने फोटो साफ करणं, ब्लॅक अँड व्हाइटला रंग देणं, सगळ्यांनी वापरलेलं आहे. टूलचं नाव पण घेत नाही, कारण अशी ढिगाने आहेत आणि खालचं बरंचसं दुसरीकडेही सापडू शकतं.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, अल्बम करायचा होता, आणि महिन्याच्या हिशोबाने घ्यायला गेलं तर वर्षाचा प्लॅन स्वस्त पडत होता म्हणून वर्षाचा घेतला. काम एक नंबर केलं टूलने. आजोबांच्या लग्नातल्या फोटोवर मधोमध घडीची पांढरी रेघ होती ती पूर्ण गेली, आणि चेहरा प्लास्टिकचा नाही झाला, जे बाकीच्या फुकटवाल्यांत हमखास होतं. स्टुडिओवाल्याने एका फोटोचे जे सांगितले होते त्यात इथे अख्खा अल्बम झाला. तेव्हा लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

मग मामेबहिणीचा फोन आला. "दादा, माझ्या पोरीचे फोटो त्या साइटवरून काढून टाक ना, शाळेचा बॅज दिसतोय त्यात." रास्त होतं, History मध्ये गेलो, तिचे सगळे फोटो डिलीट मारले, Trash पण रिकामा केला, तिला मेसेज टाकला की झालं. संध्याकाळी तिचाच रिप्लाय, की ग्रुपवरची लिंक दाबली तर अजून उघडतंय.

झालेलं असं, की टूलचं Share पेज लॉगिन मागायचं आणि काकांना ते जमेना, म्हणून मी फोटोवर राइट क्लिक करून Copy image address घेतलेला आणि तीच लिंक घरच्या ग्रुपवर टाकलेली. ती लिंक लॉगिन बिगिन काही विचारत नाही. तिच्यात लांबलचक आकडे-अक्षरं असतात, अंदाजाने कोणाला सापडणार नाही हे खरं, पण ज्याच्या हातात लिंक त्याला फोटो, इतकं सरळ आहे. आणि डिलीट केल्यावरही फोटो उघडत होता, माझ्याच मशीनवर साठलेला दिसत असेल म्हणून इनकॉग्निटोत बघितलं, बायकोच्या फोनवर डेटा चालू करून बघितलं, उघडतोच.

पुण्याचा चुलतभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने F12 दाबून Network मध्ये त्या फोटोवर क्लिक करायला लावलं, तिथे हे होतं:

```
cache-control: public, max-age=31536000
```

३१५३६००० सेकंद, म्हणजे ३६५ दिवस. फोटो पटकन उघडावा म्हणून कंपनी त्याच्या कॉप्या ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवते, आणि ही ओळ त्या सर्व्हरना सांगते की वर्षभर हीच कॉपी दिलीस तरी चालेल, मूळ जागी परत विचारू नकोस. मी डिलीट केलं ते मूळ जागचं. कॉप्या वेगळ्या पुसाव्या लागतात, त्यासाठी कंपनीने त्या सर्व्हरला तसा निरोप पाठवावा लागतो, आणि इथे तो पाठवलाच जात नव्हता. एका फोटोची तर आणखी गंमत, मोठी साइज गेलेली पण लिंकच्या शेवटी `?w=400` लावलं की छोटी साइज हजर. ४०० पिक्सेलमध्ये पोरीचा चेहरा ओळखू येतो आणि बॅजवरचं शाळेचं नाव पण वाचता येतं!

सपोर्टची कहाणी थोडक्यात. आधी म्हणाले, ब्राउझर हिस्टरी क्लिअर करा. मग म्हणाले, अकाउंट तुमचंच आहे हे दाखवायला आधारचा फोटो अपलोड करा. म्हणजे फोटो काढायचाय म्हणून अजून एक फोटो द्या, तोही आधारचा! नाही दिला. शेवटी एकेक लिंक मेलमध्ये लिहून पाठवली, तेव्हा कुठे त्या लिंकांवर 404 यायला लागला. बॅकअपमधून ९० दिवसांनी जाईल म्हणाले, ते खरं-खोटं बघायला माझ्याकडे काही साधन नाही.

आता लोकेशनचं. चिडून मी इथे लिहायला घेतलेलं की हे टूल फोटोतून घराचा पत्ता फोडतंय, पण तपासलं तर ते पूर्ण बरोबर नाही, म्हणून बदलतोय. एडिट होऊन येणाऱ्या फोटोत लोकेशन नसतं, नवीन फाइल बनताना ते गळून पडतं. पण आपण चढवलेली मूळ फाइल History मध्ये जशीच्या तशी पडून असते, Download original करून Properties मध्ये Details बघितलं तर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, सगळं शाबूत. आणि हे जुन्या फोटोंनाही लागू आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजोबांचा १९६८ चा फोटो मी घरी टेबलावर ठेवून मोबाईलने काढला, त्यामुळे फाइलच्या हिशोबाने तो गेल्या वर्षीचा आहे आणि माझ्या सांगलीच्या घरात काढलेला आहे. मॅपवर टाकलं तर पिन आमच्या गच्चीवर.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण क्वालिटी मरते आणि साफसफाईला तो फोटो उपयोगाचा राहत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर क्वालिटी राहते आणि लोकेशनही राहतं. म्हणून मी आता विंडोजमध्येच Details खाली Remove Properties and Personal Information दाबून कॉपी बनवतो आणि तीच चढवतो. आयफोनवाल्यांना शेअर करताना वर Options मध्ये Location बंद करता येतं.

कोणी म्हणेल, कोणाला पडलंय तुमच्या आजोबांचं. अमेरिकेत एव्हर नावाचं फोटो ठेवायचं ॲप होतं. अकाउंट बंद केलेल्यांचे फोटो काढून टाकू म्हणायचे आणि ठेवून द्यायचे, शिवाय लोकांच्या फोटोंवर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर तयार केलं. २०२१ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फोटो तर पुसायला लावलेच, पण त्यावर बनवलेले अल्गोरिदम पण पुसायला लावले. आपल्याकडे २०२३ चा डेटा कायदा आहे, त्यात डिलीट करून मागायचा हक्क आहे आणि १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकांची परवानगी लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य कलमांना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिलीय, तोवर मेलामेली करत बसा.

सेटिंगमध्ये Improve our service नावाचं बटण पण होतं, आधीपासून चालू. ते बंद केलं. त्याआधी चढवलेल्यांचं काय झालं याचं उत्तर सपोर्टने दिलेलं नाही.

एक तपासणी भावाने शिकवली ती कामाची आहे. साइट पूर्ण उघडू द्यायची, मग नेट बंद करायचं, मग फोटो टाकून एडिट करून बघायचं. चाललं तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. अडकलं तर बहुधा फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातोय. आमच्या टूलचं चक्र फिरतच राहिलं. फोटोपी नावाचं ब्राउझरमधलं एडिटर एकदा उघडलं की नेट नसतानाही चालतं, बॅकग्राउंड हाताने काढायला वेळ लागतो आणि घडीची रेघ काढायला तर अख्खी दुपार जाते, पण पोरांचे फोटो आता तिथेच करतो.

रेटिंग दोन स्टार, त्यातला दीड त्या रेघेचा. रिफंड नाकारलाय, वार्षिक प्लॅनला मिळत नाही म्हणे, त्यामुळे यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे तेवढा रद्द केला. पैसे भरलेत तर उरलेले महिने वहिनीच्या मसाल्याच्या पाकिटांचे फोटो त्यावर करून घेतोय, कांदा-लसूण मसाल्याचं बॅकग्राउंड फार छान काढतं.