फाटकाला तिरका आधार: लाकडी पट्टी की तार?

परसाच्या फाटकाची चौकट ठरली आहे: रुंदी 4 फूट, उंची 3 फूट. आता तिरका आधार द्यायचा का, आणि द्यायचा तर कशाचा?

चार पट्ट्या घ्या, प्रत्येक कोपऱ्यात एकेकच खिळा ठोका आणि चौकट बाजूने ढकला. ती लगेच तिरपी होते. एकही पट्टी वाकत नाही की मोडत नाही, फक्त कोन बदलतात. त्रिकोणात मात्र तीन बाजू ठरल्या की कोनही ठरले. कोन हलवायचा तर एखादी बाजू लांब किंवा आखूड व्हावी लागते, आणि लाकूड ते सहजी होऊ देत नाही.

नुसत्या चौकटीत कोन धरून ठेवायचं काम एकट्या सांध्यांवर पडतं. आमच्या फाटकाला आधार नव्हता. दोन पावसाळ्यांत सांधे सैल झाले, कडीकडची बाजू इंचभर उतरली आणि फरशीवर कमानीसारखा ओरखडा उठला. मी कर्ण मोजले. मुळात दोन्ही 60 इंच. आता खालच्या बिजागरीपासून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचा 59.4 भरला, दुसरा 60.6. चारही बाजू जशाच्या तशा!

निवड इथेच होते. जो कर्ण आखडू पाहतो तिथे दाब सोसणारी वस्तू हवी, म्हणजे लाकडी पट्टी: खालच्या बिजागरीपासून वर कडीकडे. जो लांबू पाहतो तिथे ताण सोसणारी तार: वरच्या बिजागरीपासून खाली कडीकडे. फाटक 24 किलोचं असेल आणि सांधे अगदीच ढिले धरले, तर दोन्हीकडे जोर सुमारे 20 किलोचाच येतो. तार उलट्या कर्णावर लावली तर ती नुसती ढिली लोंबते. पट्टी उलटी लावली तर सगळी ओढ टोकाच्या स्क्रूंवर येते आणि ते हळूहळू उपटतात. ही चूक फार फाटकांवर दिसते.

नवं फाटक करत असाल तर मी पट्टीच सांगेन, पण तिची टोकं कोपऱ्यात घट्ट टेकलेली हवीत. मध्ये फट राहिली तर ती भरेपर्यंत फाटक उतरतंच. आधीच उतरलेल्या फाटकाला तार बरी. तारेत बसवलेला टर्नबकल, म्हणजे तार आवळायचा स्क्रू, फिरवत गेलं की कडीची बाजू वर येते. दोन्ही कर्ण सारखे भरले की थांबायचं. त्यापुढे आवळलं तर फाटक उलट्या बाजूला तिरकं होतं.

लोखंडी चौकटीत वेल्डिंगचे कोपरेच कोन धरतात, त्यामुळे लहान फाटक आधाराशिवायही चालतं. रुंद असेल तर तिथेही तिरकी पट्टी हवीच.

आणि कर्ण सारखे असूनही फाटक जमिनीला घासत असेल, तर आधाराला हात लावू नका. खांबाला ओळंबा लावून बघा. खांब कलला असेल किंवा बिजागरी सैल असेल, तर त्रिकोण काही करू शकत नाही.