उंबऱ्याशी वाळूची पोती की भरलेली पिशवी?

गल्लीत तुंबलेलं वीतभर पाणी वाळूची पोती अडवतात. पोतं अर्धंच भरा. गच्च भरलेलं दगडासारखं राहतं, फटी बुजत नाहीत. आधी उंबऱ्यावर जाड प्लास्टिक अंथरा, मग तोंड खाली दुमडून विटांसारखी सांधेमोड रचा आणि पायाने तुडवा. तरी थोडं झिरपणारच. मोरीच्या जाळीतून पाणी उलटं येऊ लागलं, तर दारातली पोती निरुपयोगी; म्हणून एक पोतं जाळीवरही ठेवा.

कोल्हापुरात पंचगंगा चढते तेव्हा मात्र माझा भर घर सोडताना न्यायच्या पिशवीवर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. इशाऱ्यालाच कागदपत्रं, रोजची औषधं, टॉर्च, पाणी भरून ठेवा आणि निघण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.